घरभराच्या जाहिराती एका डबीत अडवताना

मोबाइलवर बातमी उघडली की मजकुराच्या आधी जाहिराती धावत येतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्यांच्यावर उपाय करता येतो, पण टीव्हीत, मुलांच्या टॅबमध्ये किंवा आजोबांच्या फोनमधल्या पंचांगाच्या ॲपमध्ये तो कसा बसवायचा? तिथे ब्राउझरच नसतो. अशा वेळी घरातल्या प्रत्येक यंत्राला ज्या एका गोष्टीशिवाय चालत नाही, तिथेच नाकाबंदी करता येते. ती गोष्ट म्हणजे डीएनएस.

फोनला एखाद्या संकेतस्थळाचं नाव ठाऊक असतं, पण तिथे पोचायला अंकी पत्ता लागतो. तो पत्ता फोन डीएनएस सर्व्हरला विचारतो. चौकातल्या पानवाल्याला पत्ता विचारावा, तसाच हा प्रकार. आता हा पानवाला घरचाच असेल आणि जाहिरातवाल्याचा पत्ता विचारल्यावर ‘असं कुणी इथे राहत नाही’ म्हणून सांगत असेल, तर विचारणारा तिथूनच परततो. जाहिरात उतरवून घेऊन मग लपवली जात नाही, ती मुळात मागवलीच जात नाही. त्यामुळे डेटाही वाचतो.

हे काम करणारं सर्वांत प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पाय-होल. जेकब साल्मेला या अमेरिकी तंत्रज्ञाने २०१४ मध्ये ते सुरू केलं. तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय या संगणकावर ते चालतं आणि त्याला अर्धा जीबी रॅमही पुरते. म्हणजे कपाटात पडलेलं जुनं मॉडेलसुद्धा चालेल. बसवण्यासाठी एकच आज्ञा द्यावी लागते:

```
curl -sSL https://install.pi-hole.net | bash
```

पुढचे प्रश्न पडद्यावर येत जातात. नको असलेल्या नावांची एक यादीही सोबत मिळते. लाखाच्या घरातल्या नावांची ही यादी स्टीव्हन ब्लॅक या संग्राहकाच्या नावाने ओळखली जाते. त्या यादीतलं नाव कुणी विचारलं की पाय-होल `0.0.0.0` असं उत्तर देतं. या पत्त्यावर कुणीच नसतं.

इथवरचा भाग सोपा आहे आणि बहुतेक माहितीपटही इथेच संपतात. खरी कसोटी पुढे लागते. घरातल्या प्रत्येक यंत्राने, कुणी काहीही न करता, याच डबीला पत्ता विचारायला हवा. पाहुणा वाय-फायला जोडला तरी त्याच्या फोनचे प्रश्न इथेच यायला हवेत.

समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये फायबरची जोडणी आहे. राउटरचा पत्ता `192.168.1.1` आहे आणि रास्पबेरी पायला `192.168.1.2` हा कायमचा पत्ता दिला आहे. हा पत्ता कायमचा असणं आवश्यक आहे, कारण तो बदलला तर सगळं घर चुकीच्या दारावर टकटक करत राहील. ही डबी वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडलेली बरी.

कुठलाही फोन वाय-फायला जोडला गेला की राउटर त्याला तीन गोष्टी सांगतो: तुझा पत्ता हा, बाहेर जायचं ते माझ्यातून, आणि नावांचे पत्ते विचारायचे ते अमक्याला. ही वाटणी डीएचसीपी नावाच्या व्यवस्थेतून होते. त्यातली तिसरी गोष्ट बदलायची आहे. राउटरच्या पानावर LAN या भागात DHCP Server शोधायचा आणि तिथल्या Primary DNS मध्ये `192.168.1.2` भरायचं.

इथे एक फसगत हमखास होते. WAN किंवा इंटरनेट या भागातही डीएनएसचे रकाने असतात आणि अनेक जण तिथेच पत्ता भरतात. मग फोन राउटरला विचारतो आणि राउटर पाय-होलला. जाहिराती अडतात, पण पाय-होलच्या नोंदवहीत एकाच यंत्राचं, म्हणजे राउटरचं नाव दिसत राहतं. कुणाच्या टीव्हीने काय विचारलं, हे कधीच कळत नाही. नोंदवहीत घरातली सगळी यंत्रं वेगवेगळी दिसू लागली, तर पत्ता योग्य जागी भरला असं समजावं.

दुसरी फसगत Secondary DNS च्या रकान्यात. ‘पहिला बंद पडला तर दुसरा असावा’ म्हणून लोक तिथे गूगलचा `8.8.8.8` भरतात. पण यंत्रं पहिला बंद पडेपर्यंत थांबतातच असं नाही. काही यंत्रं दोघांनाही विचारतात, आणि दुसऱ्याकडून जाहिरातवाल्याचा खरा पत्ता मिळतो. लक्षण असं की जाहिराती कधी अडतात, कधी अडत नाहीत. हा रकाना रिकामा ठेवावा, नाहीतर तिथे दुसऱ्या पाय-होलचा पत्ता द्यावा.

बदल केल्यावर लगेच फरक दिसला नाही तरी घाबरू नये. यंत्रांना आधी मिळालेली माहिती बहुधा काही तास, कधी दिवसभर टिकते. फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं की तो नव्याने विचारतो. विंडोज संगणकावर पुढची आज्ञा देऊन पाहावी:

```
nslookup ad.doubleclick.net
```

उत्तर देणारा `192.168.1.2` असेल आणि उत्तर `0.0.0.0` असेल, तर काम झालं.

आता समजा, उत्तर देणारा भलताच निघाला. `fe80` ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला, तर गळती आयपीव्ही६ मधून होते आहे. आपल्याकडच्या फायबर जोडण्यांवर जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसोबत ही नवी पद्धतही चालू असते आणि तिच्यात राउटर स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतो. डीएचसीपीच्या पानावरचा बदल त्याला लागू होत नाही. विंडोजवर `ipconfig /all` दिलं की DNS Servers पुढे सगळे पत्ते दिसतात. राउटर मुभा देत असेल, तर आयपीव्ही६ च्या पानावर पाय-होलचा आयपीव्ही६ पत्ता भरावा. नाहीतर आयपीव्ही६ मधून डीएनएस जाहीर करणं तेवढं बंद करावं. याने काही अडत नाही. नवे पत्तेही जुन्या मार्गाने विचारता येतात, आणि पाय-होल दोन्ही प्रकारचे पत्ते देतं.

काही कंपन्यांनी दिलेल्या राउटरमध्ये डीएनएस बदलायचा रकानाच नसतो. तिथे डीएचसीपीचं कामच राउटरकडून काढून घ्यायचं. आधी राउटरमधला DHCP Server बंद करायचा, मग पाय-होलमधला चालू करायचा आणि त्याला `192.168.1.100` ते `192.168.1.200` अशी पत्त्यांची रांग द्यायची. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले, तर ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं फोन ऐकेल आणि घरातली निम्मी यंत्रं गळतीला लागतील. रास्पबेरी पायचा पत्ताही त्याच्यातच पक्का नोंदवावा लागतो, कारण आता तो देणारा दुसरा कुणी नाही.

एवढं करूनही काही जण निसटतात. अँड्रॉइडमध्ये Private DNS नावाची सोय आहे. ती Automatic वर असेल तर अडचण नाही: फोन आधी सांकेतिक मार्ग शोधतो आणि तो नसेल तर साधा वापरतो. पण तिथे कुणी एखाद्या बाहेरच्या सेवेचं नाव लिहून ठेवलं असेल, तर तो फोन घरच्या डबीला विचारणारच नाही. काही टीव्ही आणि स्ट्रीमिंग उपकरणांमध्ये तर `8.8.8.8` हा पत्ता कारखान्यातच कोरलेला असतो. त्यांचे प्रश्न वळवून पाय-होलकडे आणायचे, तर तशी सोय असलेला राउटर लागतो. कंपनीच्या साध्या राउटरवर ते सहसा जमत नाही.

पाय-होलला यादीबाहेरचं नाव विचारलं तर ते कुणाला तरी विचारतंच. तो ‘कुणी’ गूगल किंवा क्लाउडफ्लेअर असेल, तर घरातल्या सगळ्या चौकश्यांची जंत्री एका कंपनीकडे जाते. ते टाळण्यासाठी त्याच रास्पबेरी पायवर अनबाउंड बसवतात. नेदरलंड्समधल्या एनएलनेट लॅब्ज या संस्थेचं हे मुक्त सॉफ्टवेअर मुळापासून पत्ता शोधतं: आधी मूळ सर्व्हरला, मग `.in` किंवा `.com` सांभाळणाऱ्याला आणि शेवटी त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरला. अनबाउंड `5335` या पोर्टवर ठेवून पाय-होलमध्ये वरचा सर्व्हर म्हणून `127.0.0.1#5335` भरतात. पहिल्यांदा विचारलेल्या नावाला थोडा वेळ लागतो, पुढच्या खेपेला उत्तर साठवणीतून क्षणात येतं. हे प्रश्न उघडेच जातात, त्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला ते दिसू शकतात, हेही लक्षात असावं.

वीज जाणाऱ्या घरांत अनबाउंडची एक गंमतशीर अडचण येते. पाचव्या पिढीआधीच्या रास्पबेरी पायमध्ये बंद पडल्यावरही चालत राहणारं घड्याळ नाही. वीज बराच वेळ गेली की त्याचं घड्याळ मागे पडतं. अनबाउंड उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासतं आणि सह्यांना वेळेची मुदत असते. घड्याळ मागे असलं की ताज्या सह्याही खोट्या ठरू शकतात आणि नावं उलगडणं थांबतं. घड्याळ जुळवायला वेळेच्या सर्व्हरचं नाव उलगडावं लागतं, आणि नाव उलगडायला घड्याळ जुळलेलं लागतं. अशा कोंडीवर उपाय म्हणजे वेळेच्या सर्व्हरचा अंकी पत्ताच रास्पबेरी पायमध्ये नोंदवून ठेवणं. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर ही डबीही त्यावरच ठेवावी. नाहीतर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आणि एकही पान उघडत नाही, असा देखावा दिसेल.

यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत. त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. ते नाव अडवलं तर व्हिडिओही अडतो. उलट काही वेळा नको तेही अडतं. गूगलच्या शोधात वर येणाऱ्या प्रायोजित दुव्यावर टिचकी मारली आणि पान उघडलं नाही, तर तो दुवा जाहिरातीच्या नावावरून जात असतो. Query Log मध्ये अडवलेलं नाव सापडतं आणि तिथूनच त्याला परवानगी देता येते. याच नोंदवहीत घरातलं कोण कुठे गेलं हेही दिसतं. त्यामुळे Privacy च्या पानावरून नोंदी कमी करणं आणि घरच्यांना हे सांगणं, दोन्ही करावं.

ज्या घरात टीव्ही, टॅब आणि चार-पाच फोन आहेत, तिथे ही खटपट वसूल होते. एकट्या लॅपटॉपवर भागणाऱ्याला ब्राउझरमधला जाहिरातरोधक पुरेसा आहे. बसवलीच, तर राउटरजवळ एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: ‘नेट बंद पडलं तर राउटरच्या पानावर डीएनएसचा रकाना रिकामा करा, किंवा DHCP Server पुन्हा चालू करा.’ तुम्ही गावाला गेलात आणि डबी बंद पडली, तर घरच्यांना तेवढं पुरेल.