बिटाची भाजी वाफेवरची

बीट चिरून कुकरला लावलं की खालचं पाणी गडद लाल होतं आणि फोडी फिक्या पडतात. बिटाचा लाल रंग पाण्यात सहज विरघळतो, साखरही विरघळते. त्यामुळे ते पाणी ओतून दिलं की भाजीची निम्मी चव मोरीत जाते. मग चिमूटभर साखर घालून ती भरून काढावी लागते. त्यापेक्षा मुळात पाणीच घातलं नाही तर?

त्यासाठी बीट किसून घ्यायचं. कीस पातळ असल्यामुळे लवकर शिजतो आणि स्वतःच्याच रसात शिजतो. साधारण पाव किलो बीट सोलून किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. बारीक किसलं तर लगदा होतो. कढईत चमचाभर तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी करा. हळद घालू नका, तिच्या पिवळेपणाने लाल रंग मळकट दिसतो. कीस घालून मध्यम आचेवर दोन मिनिटं परता, म्हणजे प्रत्येक तंतूला तेल लागेल.

आता आच मंद करून वर खोलगट ताटली ठेवा आणि त्या ताटलीत पाणी घाला. पाण्यामुळे झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत भाजीतच पडते. चार-पाच मिनिटांनी एकदा हलवून मीठ घाला. मीठ आधी घातलं तर कीस एकदम पाणी सोडतो. तळाला लागतंय असं वाटलं तर ताटलीतलंच गरम पाणी दोन चमचे शिंपडा. आणखी तीन-चार मिनिटांनी एक तंतू बोटांत दाबून पाहा. तो दबला, पण त्याचा लगदा झाला नाही, तर भाजी झाली. रस उरला असेल तर झाकण काढून मिनिटभर परता.

लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. आंबटपणाने लाल रंग खुलतो, पण लिंबू आधी घातलं तर बीट लवकर मऊ होत नाही. सोडा अजिबात नको, त्याने रंग बिघडतो. फार वेळ शिजवल्याने किंवा पुन्हापुन्हा गरम केल्यानेही बीट तपकिरी होतं. शेवटी दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं घाला.

गाजराची भाजीही अशीच होते, पण तिथे रंगाची काळजी कमी. गाजराचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून कढईतलं तेल केशरी दिसतं. गोडवा मात्र त्याचाही पाण्यात जातो, तेव्हा झाकणावरचं पाणी इथेही हवंच. हिवाळ्यातली लाल गाजरं रसाळ असतात, त्यांना वरून पाणी बहुधा लागत नाही. केशरी गाजरं जरा कोरडी निघाली तर मात्र सुरुवातीलाच दोन चमचे पाणी शिंपडावं. हळद इथे खुशाल घाला.