अपडेटमध्ये माझं काय बदललं?

प्ले स्टोअरवर कुठल्याही ॲपच्या पानावर ‘नवीन काय आहे’ असा एक छोटा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक तर ‘काही त्रुटी दुरुस्त केल्या, कामगिरी सुधारली’ हे कुठल्याही ॲपला चालेल असं वाक्य, नाहीतर कंपनीच्या आतल्या कामाची यादी जशीच्या तशी चिकटवलेली. पहिल्यातून काही कळत नाही आणि दुसऱ्यातलं कळण्यासारखं नसतं.

ही यादी येते कुठून? सॉफ्टवेअरच्या टीममध्ये प्रत्येक कामाचं एक ‘तिकीट’ काढतात. त्याला क्रमांक असतो आणि एका ओळीत काम लिहिलेलं असतं. ती ओळ ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी असते, त्यामुळे काय दुरुस्त करायचं ते तिच्यात बरोबर असतं. कोणाला काय त्रास होत होता, हे मात्र बहुधा नसतंच. रिलीजच्या दिवशी घाईत कोणीतरी त्या ओळी गोळा करून स्टोअरवर टाकतो.

एक उदाहरण घेऊ. एसटीसारख्या बससेवेचा मासिक पास देणारं एक ॲप आहे असं समजा. ॲप काल्पनिक आहे, पण तिकिटं रोजच्या पाहण्यातली आहेत:

```
PASS-2187  Fix race condition in UPI callback, add idempotency key
AUTH-940   Reduce refresh token TTL 30d -> 7d
PASS-2203  Cache active pass locally
CORE-512   Bump minSdk 24 -> 26
CORE-530   Refactor fare module
```

यातून प्रवाशासाठी मजकूर करायचा, तर प्रत्येक ओळीचं सोपं मराठी करत बसण्यात अर्थ नाही. तिकीट बंद करणाऱ्या माणसाला गाठून विचारायचं: हे कोणाला जाणवेल, कुठल्या पडद्यावर, काय करत असताना? शेवटच्या तिकिटाचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं येतं. भाड्याच्या हिशेबाचा कोड नीट लावून ठेवला, भाडं तेवढंच आहे. ती ओळ सरळ काढून टाकायची.

पहिल्या तिकिटाला मात्र वेळ द्यावा लागतो. नेट अडखळत असताना प्रवाशाने पैसे भरायचं बटण दाबलं, काही झालेलं दिसलं नाही म्हणून पुन्हा दाबलं. दोन्ही मागण्या सर्व्हरवर पोहोचल्या आणि त्याने त्या दोन स्वतंत्र खरेद्या धरल्या. पैसे दोनदा गेले. आता एका खरेदीच्या प्रत्येक प्रयत्नासोबत एकच खूण जाते, त्यामुळे दुसरी मागणी म्हणजे पहिलीचीच पुनरावृत्ती हे सर्व्हरला ओळखता येतं. मग ‘आता दोनदा पैसे कापले जाणार नाहीत’ असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही. दुरुस्ती फक्त यूपीआयपुरती आहे. कार्डाने पैसे भरणाऱ्याला ते वाक्य खोटं आश्वासन ठरेल. शिवाय ज्याचे पैसे मागच्या महिन्यात दोनदा गेले, त्याचा पहिला प्रश्न ‘माझ्या त्या पैशांचं काय?’ हाच असणार. त्याचं उत्तर तिकिटात कुठेच नसतं. ते हिशेब सांभाळणाऱ्या विभागाकडून आणावं लागतं, आणि मजकूर लिहिणाऱ्याचा अर्धा दिवस तिथेच जातो.

दुसरं तिकीट सुरक्षेचं. एकदा लॉगिन केलं की ॲप न उघडताही ते तीस दिवस टिकत होतं, आता सातच दिवस टिकेल. प्रवाशाला यात काही मिळत नाही, उलट थोडी गैरसोयच होते. अशी ओळ गाळण्याचा मोह होतो. पण न सांगितलेल्या अशा बदलावरच ‘ॲप सारखं ओटीपी मागतंय’ अशा तक्रारी येतात.

तिसऱ्या तिकिटाने पास फोनमध्येच साठवला जातो, म्हणून नेट नसताना दिसतो. ही आनंदाने सांगण्याची गोष्ट. पण दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. एखादी बाई आठ दिवस गावाला राहिली आणि परतताना घाटात, नेट नसलेल्या जागी, कंडक्टरला दाखवायला तिने ॲप उघडलं. लॉगिनची मुदत संपलेली, ॲप ओटीपी मागणार आणि ओटीपी पडताळायला नेट लागणार. साठवलेला पास आत असूनही दिसणार नाही. दोन तिकिटं दोन वेगळ्या टीमची असल्याने हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रवाशाच्या बाजूने वाक्य लिहायला बसल्यावर ते उघडं पडतं. खरं तर अशा वेळी रिलीज थांबवून आधी दुरुस्ती करावी. ते शक्यच नसेल, तर मजकुरात तरी स्पष्ट सांगावं.

चौथ्या तिकिटाचा अर्थ असा की यापुढे ॲपला ॲन्ड्रॉइड 8 किंवा त्यापुढचा फोन लागेल. ज्याच्या फोनवर ॲन्ड्रॉइड 7 आहे, त्याला ही आवृत्ती स्टोअर देणारच नाही. म्हणजे ज्याला ही सूचना हवी, त्याच्यापर्यंतच ती जाणार नाही. ती आधीच्या आवृत्तीत, ॲपच्या आतच द्यायला हवी होती.

मग क्रम लावायचा. पैशाचं आधी, प्रवाशाला काही करावं लागणार असेल ते त्यानंतर, नवी सोय शेवटी. जाहिरातीची सवय असलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो. पडद्यावरच्या बटणांची नावं जशी आहेत तशीच लिहायची. मजकूर साधारण असा होईल:

‘यूपीआयने पास घेताना नेट अडकून बटण दोनदा दाबलं गेलं, तरी आता पैसे एकदाच कापले जातील. आधी जास्त पैसे गेले असतील, तर “माझे व्यवहार”मध्ये “परतावा मागा” दाबा.
सात दिवस ॲप उघडलं नाही, तर पुन्हा ओटीपी लागेल. प्रवासाला निघण्याआधी नेट असताना एकदा ॲप उघडा.
त्यानंतर नेट नसलं तरी पास दिसेल.’

प्ले स्टोअर प्रत्येक भाषेसाठी 500 अक्षरांची जागा देतं, ॲपलचं ॲप स्टोअर 4000ची. मराठीत जपून राहावं लागतं, कारण संगणक काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘स्थानक’ आपल्याला तीन अक्षरी वाटतं, त्याच्या हिशेबात ती सहा होतात. तरी वरचा मजकूर 500च्या आत बसतो. ॲपलच्या नियमावलीतलं कलम 2.3.12 किरकोळ दुरुस्त्यांसाठी ठोकळेबाज वाक्य चालवून घेतं, मोठे बदल मात्र स्पष्ट लिहायला सांगतं. मला ही सवलत रास्त वाटते. खरोखरच किरकोळ दुरुस्ती असेल तर उगाच गोष्ट रचू नये. सुरक्षेतली फट बुजवली असेल, तर ती नेमकी कुठे होती हेही लगेच सांगू नये, कारण अपडेट न घेतलेल्यांचे फोन तोवर उघडे असतात.

एक फसगत नेहमी होते. नवी सोय आवृत्तीत असते, पण ती चालू करण्याची कळ सर्व्हरवर असते आणि सुरुवातीला थोड्याच लोकांसाठी दाबलेली असते. मजकूर मात्र सगळे वाचतात आणि नसलेलं बटण शोधत बसतात. सोय सगळ्यांना मिळेपर्यंत ती ओळ रोखून धरावी.

लिहिलेलं जमलं की नाही, हे तपासायला टीमबाहेरच्या माणसाला ते वाचायला द्यावं आणि ‘आता तुम्ही काय वेगळं कराल?’ असं विचारावं. वरच्या मजकुरावर ‘निघण्याआधी ॲप उघडीन’ हे उत्तर आलं पाहिजे. ‘काहीतरी सुधारलंय’ असं आलं, तर पुन्हा लिहायचं.

एवढं करूनही बऱ्याच फोनांवर अपडेट आपोआप उतरतं आणि तो रकाना कोणी उघडत नाही. म्हणून पैसे, लॉगिन आणि बंद होणारी सोय यांविषयीची सूचना ॲप बनवणाऱ्यांनी केवळ स्टोअरच्या भरवशावर सोडू नये. ती ॲपच्या आत, त्या त्या पडद्यावरही द्यावी.