खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं

२२ फेब्रुवारी २०१९. इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धा चालू होती आणि मुंबईच्या पृथ्वी शॉने नियमाप्रमाणे उत्तेजक चाचणीसाठी लघवीचा नमुना दिला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकला झाला म्हणून आपण दुकानातून सिरप घेतलं होतं, असं त्याने सांगितलं. कामगिरी वाढवण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे बीसीसीआयने मान्य केलं. तरीही ८ महिन्यांचं निलंबन झालंच. मागील तारखेपासून धरलेलं हे निलंबन १५ नोव्हेंबर २०१९ ला संपलं.

तो व्यावसायिक खेळाडू होता, आपण रविवारी सकाळी धावणारी किंवा जिल्हा स्पर्धेत खेळणारी माणसं. आपल्याला कोण विचारतो, असं वाटणं साहजिक आहे. पण नियम असं म्हणत नाही. राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत उतरलेल्या कोणाकडूनही नमुना मागता येतो. हौशी खेळाडूला काही सवलती आहेत, त्या पुढे सांगतो. मूळ तत्त्व मात्र सर्वांना एकच लागू होतं: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरांनी दिलं, मेडिकलवाल्याने दिलं, आईने दिलं, या कारणांनी शिक्षा कमी होऊ शकते. नमुन्यात ते सापडलं ही गोष्ट पुसली जात नाही.

खोकल्याच्या बाटलीत हे येतं कुठून? आपल्याकडे मेडिकलमध्ये जाऊन ‘कफ सुटायचं औषध द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा तीन औषधांचं मिश्रण हातात पडतं. अँब्रोक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतं. ग्वायफेनेसिन तो सुटायला मदत करतं. या दोघांबद्दल कसलीच हरकत नाही. तिसरं औषध श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल करतं, आणि ते असतं टर्ब्युटालिन, साल्बुटामॉल किंवा लेव्होसाल्बुटामॉल. ही तिन्ही मुळात दम्याची औषधं आहेत. शास्त्रात त्यांच्या गटाला बीटा-२ अॅगोनिस्ट म्हणतात. शरीर कमावणाऱ्यांच्या जगात बदनाम झालेलं क्लेनब्युटेरॉलही याच कुळातलं. या कुळातली औषधं पोटात मोठ्या प्रमाणात गेली तर श्वासनलिकेबरोबर शरीरातल्या इतर स्नायूंवरही परिणाम करू शकतात. म्हणून ‘वाडा’ या जागतिक संस्थेने हा अख्खा गट स्पर्धेच्या दिवशी आणि एरवीही, म्हणजे बाराही महिने, निषिद्ध ठरवला आहे.

सूट आहे ती मोजक्या औषधांना, आणि तीही पंपातून ओढून घेतली तरच. साल्बुटामॉलचा पंप मर्यादेत चालतो. तेच साल्बुटामॉल सिरपमधून किंवा गोळीतून घेतलं की चालत नाही. टर्ब्युटालिनला तर पंपातूनही सूट नाही. दम्याच्या काही गोळ्यांत माँटेलुकास्टसोबत बांब्युटेरॉल असतं, जे शरीरात गेल्यावर टर्ब्युटालिनमध्येच बदलतं. नुसतं माँटेलुकास्ट मात्र पूर्ण निर्धोक आहे. पंपावर लेव्होसाल्बुटामॉल लिहिलेलं असेल, तर त्यालाही साल्बुटामॉलची सूट आहे असं स्वतःच ठरवून टाकू नका, आधी विचारून घ्या.

आता पंपाचा हिशोब, कारण दमा असलेले बरेच धावपटू इथेच चुकू शकतात. साल्बुटामॉलची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आहे, आणि तिच्या आत दुसरी मर्यादा आहे: कोणत्याही डोसपासून मोजलं तरी पुढच्या ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे दिवसभरात १६ दाब, पण कुठल्याही ८ तासांत फक्त ६.

समजा, पुण्यातली एक धावपटू आहे. उद्या पहाटे साडेपाचला शर्यत. रात्री अकराला छाती भरल्यासारखी वाटली, तिने २ दाब घेतले. पहाटे पाचला सरावाआधी ४. साडेसहाला चढावर दम लागला, आणखी २. एकूण ८ दाब, ८०० मायक्रोग्रॅम. १६०० च्या निम्मेच, म्हणून ती निश्चिंत. पण रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंतचे ८ तास मोजले तर हे आठही दाब त्यात येतात, आणि मर्यादा ओलांडली जाते. तेच रात्रीचे २ दाब साडेआठला घेतलेले असते, तर पहाटे पाच वाजता ते ८ तासांच्या बाहेर पडले असते. मग पाचपासून दुपारी एकपर्यंत ६ दाब, अगदी काठावर, पण नियमात. प्रत्येक दाबाची वेळ मोबाइलवर टिपून ठेवायची सवय इथे कामी येते. आणि शर्यतीच्या दिवशी वारंवार पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ. डॉक्टरांकडे जाण्याचं ते स्वतंत्र कारण आहे.

नेब्युलायझरचं गणित याहून कठीण. दवाखान्यात वाफ देताना वापरली जाणारी साल्बुटामॉलची छोटी कुपी साधारण २.५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एकाच वाफेत दिवसाची मर्यादा मागे पडते.

दम्याचा जोर वाढला की डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तोंडावाटे देतात, कधी इंजेक्शनही. हे स्टेरॉइड स्नायू फुगवणारं नव्हे, सूज उतरवणारं. तरी तोंडावाटे किंवा इंजेक्शनने ते स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बंद केल्यावर किमान ३ दिवस जायला हवेत, इंजेक्शनला औषधानुसार त्याहून जास्त. पंपातून किंवा नाकात फवारून घ्यायचं स्टेरॉइड नेहमीच्या डोसमध्ये चालतं.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल लोक उगाच जास्त घाबरतात. सेटिरिझिन, पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन यांना बंदी नाही. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही चालतं. जपायचं ते स्यूडोएफेड्रिनपासून. त्याला स्पर्धेच्या काळात बंदी आहे आणि लघवीतल्या प्रमाणावर निकाल ठरतो. नेहमीच्या डोसनेसुद्धा काहींच्या बाबतीत मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणून शेवटची गोळी आणि स्पर्धा यांत किमान पूर्ण एक दिवस ठेवावा. दीर्घकाळ काम करणारी गोळी असेल तर अंतर आणखी वाढवावं. झाडपाल्याचं म्हणून सोडून देऊ नये अशी एक वनस्पतीही आहे: दम्यावर दिली जाणारी सोमलता. ती एफेड्रा कुळातली आहे, आणि एफेड्रिनचं नावच मुळी एफेड्रावरून आलं आहे.

मग तपासायचं कसं? पहिली गोष्ट, ब्रँडच्या नावावर विसंबू नका. एकाच ठळक नावापुढे ‘डी’, ‘एलएस’, ‘प्लस’ अशी शेपटं लावून चार वेगळी सिरपं विकली जातात आणि चारही बाटल्यांतली औषधं वेगळी असतात. ‘एलएस’ म्हणजे बऱ्याचदा लेव्होसाल्बुटामॉल. बाटली फिरवा आणि घटकांची यादी वाचा. मूळ औषधाचं नाव आणि दर ५ मिलिलिटरमधलं प्रमाण तिथे छापलेलं असतं. प्रत्येक नाव कागदावर उतरवा. एकही सोडू नका, कारण अडचणीचं नाव तिसरं किंवा चौथं असू शकतं आणि त्याचं प्रमाण सगळ्यांत कमी असतं.

मग ही नावं ‘नाडा’ या आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या Know Your Medicine या अॅपमध्ये एकेक करून टाका. परदेशात Global DRO नावाची अशीच मोफत सोय आहे, पण ती अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या ब्रँडपुरती. भारतीय ब्रँड तिथे शोधू नका. मूळ औषधाचं नाव टाका, खेळ निवडा, आणि उत्तर वाचताना तोंडावाटे, पंपातून की इंजेक्शनने, हे बघा, कारण एकाच औषधाची तीन उत्तरं येऊ शकतात. मिळालेल्या उत्तराचा तारखेसह फोटो ठेवा, शोधाचा क्रमांक मिळाला तर तोही. यादी दर १ जानेवारीला बदलते. गेल्या मोसमातला फोटो या मोसमात चालत नाही.

परदेशी शर्यतीला जाणाऱ्यांनी अॅलन बॅक्स्टरचं उदाहरण लक्षात ठेवावं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये या ब्रिटिश स्कीपटूने कांस्यपदक मिळवलं. नाक चोंदलं म्हणून त्याने तिथल्या दुकानातून व्हिक्सचा इनहेलर घेतला. घरी तो हाच ब्रँड वापरत होता, पण अमेरिकेतल्या नळीत लेव्हमेटाम्फेटामिन होतं, ब्रिटनमधल्या नळीत नव्हतं. पदक गेलं आणि परत मिळालं नाही. सर्दीखोकल्याचं औषध घरून न्यावं, किंवा तिथे घेतलेलं पहिल्यापासून तपासावं.

औषध निषिद्ध आहे आणि त्याला पर्यायही नाही, असं झालं तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने तो स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी नाडाकडे द्यायचा असतो. सोबत डॉक्टरांचा अहवाल आणि दम्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची चाचणी. हौशी खेळाडूला नमुना दिल्यानंतरही अर्ज करायची मुभा आहे, आणि चूक किरकोळ असेल तर त्याची शिक्षा नुसत्या समजेवरही निभावू शकते. मात्र दम्याचा पुरावा आधीचा हवा. चाचणी पाच वर्षांपूर्वी झाली असेल तर ती आताच फाइलमधून शोधून ठेवा. नमुना देताना गेल्या ७ दिवसांतलं प्रत्येक औषध फॉर्मवर लिहा, खोकल्याचं सिरपसुद्धा.

आणि शर्यतीत खरोखर श्वास अडकला, तर दाब मोजत बसू नका. पंप घ्या, रुग्णवाहिकेत वाफ देत असतील तर ती घ्या, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर तेही घ्या. आणीबाणीत घेतलेल्या उपचारासाठी नंतर सवलत मागता येते, ती कोणत्याही पातळीच्या खेळाडूला. दवाखान्याचा कागद तेवढा जपून ठेवा.