टक्केवारीखालचा आकडा

दुकानाच्या मॅनेजरचा रेझ्युमे बहुतेक वेळा एकाच छापाचा असतो. ‘स्टॉक सांभाळणे, विक्रीचं टार्गेट पूर्ण करणे, टीम हाताळणे, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे.’ हे मॅनेजरचं काम झालं, ते कसं केलं याचा त्यात पत्ता नसतो. चांगल्या दुकानाच्या मॅनेजरने हेच लिहिलेलं असतं आणि डबघाईला आलेल्या दुकानाच्या मॅनेजरनेही हेच. एरिया मॅनेजर मात्र असे कागद वाचताना चार आकडे शोधत असतो: दारातून आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, संगणकातला स्टॉक रॅकवरच्या मालाशी किती जुळला, किती माल गळाला आणि किती माणसं सोडून गेली.

एक काल्पनिक पण नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. मॉलमधलं कपड्यांचं दुकान, १६ माणसं, मॅनेजरला तिथे दोन आर्थिक वर्षं झालेली. पहिल्या वर्षी दारावरच्या काउंटरने ९६,००० माणसं मोजली आणि बिलं झाली २०,१६०. म्हणजे कन्व्हर्जन २१ टक्के. दुसऱ्या वर्षी माणसं आली ९०,०००, बिलं २१,६००, कन्व्हर्जन २४ टक्के.

नुसतं ‘कन्व्हर्जन २१ वरून २४ टक्के’ लिहिलं, तर अनुभवी माणूस लगेच विचारेल की फुटफॉल वाढला की घटला? शेजारचं सिनेमागृह बंद पडलं की नुसते हिंडणारे कमी होतात आणि मॅनेजरने काडीही न हलवता टक्का वर जातो. आपल्या उदाहरणात ६,००० माणसं कमी येऊनही १,४४० बिलं जास्त झाली, म्हणून ही वाढ खरी. ती दिसायला हवी असेल, तर टक्क्याच्या शेजारी बिलांचा आकडाही लिहावा लागतो.

ती झाली कशी, हेही सांगण्यासारखं आहे. मॅनेजरने तासावारी रिपोर्ट काढला, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत कन्व्हर्जन १४ टक्क्यांवर येतंय असं दिसलं. गोदामाची गाडी पाच वाजता यायची. दोन अनुभवी सेल्समन मागच्या खोलीत कार्टन फोडत बसायचे आणि बाहेर ट्रायल रूमसमोर रांग लागायची. गाडी सकाळी बोलावून घेतली, शनिवार-रविवारच्या साप्ताहिक सुट्ट्या बदलल्या. रेझ्युमेत हे एका ओळीत मावतं: ‘माल उतरवण्याची वेळ सकाळी आणून शनिवार-रविवारच्या शिफ्ट बदलल्या, फुटफॉल ६ टक्के घटूनही बिलं ७ टक्के वाढली, कन्व्हर्जन २१ वरून २४ टक्के.’

तुलना करताना महिना जपून निवडावा. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तर २०२४ साली १ नोव्हेंबरला. त्यामुळे ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला, तर २०२४चा मॅनेजर उगाचच हुशार ठरतो, कारण जवळजवळ सगळी दिवाळीची खरेदी त्याच्या महिन्यात पडली. शक्यतो पूर्ण वर्ष घ्यावं. मधेच दारावरचा काउंटर बदलला असेल तर तेही पाहावं. जुनं यंत्र आत-बाहेर करणाऱ्या स्टाफलाही मोजत असेल आणि नवं तो वगळत असेल, तर फुटफॉल एका रात्रीत घटतो आणि कन्व्हर्जन फुकटात चढतं.

श्रिंकेज आणि स्टॉकची अचूकता हे दोन आकडे अनेक जण एकच समजतात, आणि मुलाखतीत पाय घसरतो तो इथेच. हिशेबात जेवढा माल असायला हवा त्यातून प्रत्यक्ष मोजलेला वजा केला की जी घट उरते ते श्रिंकेज. ती दोन मोजण्यांमधल्या विक्रीच्या टक्क्यात सांगतात. आपल्या दुकानाची दुसऱ्या वर्षाची विक्री ४ कोटी आणि घट ३ लाख २० हजार, म्हणजे ०.८ टक्के. पहिल्या वर्षी हाच आकडा १.४ होता. ही घट विक्रीच्या किमतीने धरली की खरेदीच्या, हे माहीत असायला हवं. तोच हरवलेला माल खरेदीच्या किमतीने मांडला, तर आकडा बराच लहान दिसतो.

अचूकता मात्र नगानगाची असते. एकेका रंगाची, एकेका साइझची संगणकातली संख्या आणि रॅकवरची संख्या जुळते का? ५०० नोंदी तपासल्या आणि ४१० जुळल्या, तर अचूकता ८२ टक्के. आता काउंटरवर उभं राहून पाहा. गिऱ्हाइकाने एकाच किमतीचे तीन वेगवेगळ्या रंगांचे कुर्ते ठेवले. घाईतला कॅशियर एकाच कुर्त्याचा बारकोड तीनदा मारतो. बिल बरोबर, पैसे बरोबर. पण संगणकात निळ्याचे तीन गेले आणि लाल-हिरव्याचा एकही नाही. मोजणीत निळे दोन जास्त भरतात, लाल आणि हिरवा एकेक कमी. रुपयांत घट शून्य, पण तीन नोंदी चुकल्या. शिवाय लाल संपला तरी संगणकाच्या मते तो शिल्लकच आहे, म्हणून गोदामातून नवा येत नाही आणि पुढचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं. मग कन्व्हर्जनही पडतं. श्रिंकेज छान आणि अचूकता वाईट, असं दुकान त्यामुळेच सर्रास दिसतं.

म्हणून रेझ्युमेत हे दोन्ही आकडे लागतात आणि त्यांच्यासोबत उपायही: ‘दर आठवड्याला एका विभागाची मोजणी आणि प्रत्येक नग वेगळा स्कॅन करण्याचा नियम, अचूकता ८२ वरून ९६ टक्के (५०० नोंदींची तपासणी), श्रिंकेज विक्रीच्या १.४ वरून ०.८ टक्के (विक्री किमतीने).’ मोजणी बाहेरच्या एजन्सीने केली असेल तर तसं जरूर लिहावं. स्वतःच्या दुकानाचा स्टॉक स्वतःच मोजणाऱ्या मॅनेजरच्या आकड्याकडे लोक जरा तिरकेच बघतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

माणसं सोडून जाण्याचा दर, म्हणजे अॅट्रिशन, छोट्या दुकानात फसवा असतो. वर्षभरात सोडून गेलेल्यांना सरासरी संख्येने भागायचं. १६ जणांत एक जरी गेला तरी सव्वासहा टक्के होतात. म्हणून ‘६९ वरून ३८ टक्के’ यापेक्षा ‘१६ जणांच्या टीममध्ये सोडून जाणारे ११ वरून ६’ हे वाचणाऱ्याला जास्त पटतं. दिवाळीपुरती घेतलेली मुलं यात धरू नयेत, दुसऱ्या शाखेत बदली झालेलेही नकोत. बढती मिळून गेलेले दोघं असतील, तर त्यांची वेगळी ओळ करावी. मॅनेजरने माणूस घडवला याचा तो सरळ पुरावा असतो. हा आकडा बाकीच्या तिन्हींना चिकटलेला आहे. बारकोड तीनदा मारणारा बहुधा नवा मुलगा असतो. जुना कॅशियर टिकला की स्टॉकही जुळू लागतो.

हे आकडे नोकरी सोडल्यावर आठवून लिहिता येत नाहीत. लॉगिन बंद झालं की रिपोर्टही गेले. टक्के आणि माणसांची संख्या डायरीत दर तिमाहीला टिपून ठेवणं वेगळं आणि कंपनीच्या फाइली घरी पाठवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीने नोकरीही जाते. एकूण विक्रीचा रुपयांतला आकडा कंपनी गुप्त मानत असेल, तर वाढीचा टक्का आणि दुकानाचा आकार चौरस फुटांत दिला तरी भागतं.

रुजू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जी मोजणी होते, तिच्यातली घट बहुतांशी आधीच्या मॅनेजरच्या काळातली असते. ती आपल्या माथी घेऊ नये. सुरुवातीचा आकडा म्हणून मात्र तीच लिहावी, तारखेसकट. पुढची सगळी तुलना तिच्याशीच होणार आहे.