एका ओळीत एक कुटुंब

आवर्त सारणीतील उभ्या स्तंभाला गण म्हणतात. त्यातील मूलद्रव्यांचे गुणधर्म मिळतेजुळते असतात. म्हणून पाठांतराच्या पद्यात एका गणाला एक ओळ देणे सोयीचे ठरते. दुसऱ्या गणासाठी अशी ओळ रचता येते: ‘बेबी मागे कासव सरके, बाबा रागावे.’ यातून Be, Mg, Ca, Sr, Ba, Ra हा वरून खालचा क्रम मिळतो.

ओळ संज्ञांवर बांधावी, नावांवर नव्हे. बेरिलियम आणि बेरियम मराठीत सारखेच सुरू होतात, त्यामुळे गफलत होते. ‘बेबी’तला बे आणि ‘बाबा’तला बा त्यांना वेगळे ठेवतात. सोडियमची संज्ञा तर Na, लॅटिन ‘नॅट्रियम’वरून आलेली.

अणुअंक मात्र ओळीतून कळत नाहीत. ते 4 पासून 8, 8, 18, 18, 32 अशी भर घालत काढावेत: 4, 12, 20, 38, 56, 88.