क्लेमनंतर वाढलेला प्रीमियम : वाढ नेमकी कशाची?

आरोग्य विम्याचा मोठा क्लेम मंजूर झाला की पुढच्या रिन्युअलची नोटीस जरा धाकधुकीनेच उघडली जाते. आकडा वाढलेला दिसला की निष्कर्ष ठरलेला असतो : ‘दिलेले पैसे कंपनी आता वसूल करतेय.’ गाडीच्या विम्यात या समजुतीला आधार आहे. क्लेम न करता काही वर्षं गेली की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो आणि एक क्लेम केला की तो बहुधा शून्यावर येतो. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतही वर्षभरात किती क्लेम झाले ते पाहूनच पुढचा दर ठरतो. पण आपण स्वतः घेतलेल्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीचा हिशेब वेगळा असतो. तिथे तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून रिन्युअलला लोडिंग लावता येत नाही.

विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४च्या मास्टर सर्क्युलरमध्ये सांगितलं आहे, की आधीच्या वर्षी क्लेम केला या कारणाने कंपनी रिन्युअल नाकारू शकत नाही. विमा रक्कम वाढवून मागितली नसेल, तर तुमच्या प्रकृतीची जोखीम नव्याने तपासताही येत नाही. फसवणूक किंवा माहिती लपवल्याचं प्रकरण असेल, तर गोष्ट वेगळी.

मग आकडा वाढतो कसा? एक हिशेब करून पाहू. सांगलीतलं एक कुटुंब धरा : नवरा, बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा. २०१९पासून १० लाखांचा फ्लोटर आहे आणि रिन्युअल मार्चमध्ये येतं. मार्च २०२५मध्ये नवरा ५० वर्षांचा होता. त्या वर्षी मूळ प्रीमियम २७,००० रुपये होता, त्यावर क्लेम न केल्याची १० टक्के सूट होती, म्हणजे २४,३०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४,३७४ रुपये. एकूण भरले २८,६७४. पुढे त्याची अँजिओप्लास्टी झाली, क्लेम मिळाला आणि मार्च २०२६ची नोटीस आली ३५,८४० रुपयांची. वाढ ७,१६६ रुपये, म्हणजे पंचवीस टक्के. (आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो.)

वरवर पाहता ही अँजिओप्लास्टीची वसुली वाटते. पण तक्ता उघडला की तीन तुकडे वेगळे होतात. पहिला तुकडा वयाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये प्रीमियम वयोगटानुसार असतो आणि फ्लोटरमध्ये सगळ्यात मोठ्या सदस्याचं वय धरलं जातं. नवरा ५१ वर्षांचा होताच कुटुंब ४६–५० या गटातून ५१–५५ या गटात गेलं, आणि जुन्या तक्त्यात त्या गटाचा दर होता ३२,०००. म्हणजे ५,००० रुपये वाढदिवसाचे. दुसरा तुकडा दरवाढीचा. कंपनीने त्या प्लॅनचा सगळा तक्ताच १२ टक्क्यांनी वाढवला. ३२,०००चे ३५,८४० झाले, म्हणजे आणखी ३,८४०. ही वाढ क्लेम केलेल्यांना आणि न केलेल्यांना सारखीच लागते. तिसरा तुकडा तेवढा क्लेममुळे आला : गेल्या वर्षीची २,७०० रुपयांची सूट यंदा नाही. हे लोडिंग नव्हे, बक्षीस बंद झालं इतकंच.

तिन्ही मिळून ११,५४० होतात, आणि नोटिशीत वाढ दिसते ७,१६६ची. उरलेली रक्कम जीएसटीने झाकली आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे ४,३७४ रुपये वाचले. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना भरलेली एकूण रक्कम न पाहता कर वगळून मूळ प्रीमियम पाहावा. नाहीतर खरी दरवाढ लक्षातच येत नाही.

लोडिंग हा प्रकार आहेच, पण तो पॉलिसीत शिरताना लागतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा जास्त वजन असेल तर कंपनी मूळ प्रीमियमवर काही टक्के जादा मागते आणि तुमची संमती घेऊन पॉलिसी देते. हे टक्के मूळ प्रीमियमवर असल्याने मूळ दर वाढला की लोडिंगचे रुपयेही वाढतात आणि नवीन काही लावल्यासारखं वाटतं. शंका असेल तर कंपनीला ईमेल करून फोड मागा : मूळ प्रीमियम, सूट, लोडिंग आणि रायडर, चारही वेगवेगळे. आणखी एक सोपी पडताळणी म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच प्लॅनचा, त्याच वयांचा, त्याच शहराचा नवा कोट काढायचा. तुमचा मूळ प्रीमियम त्याच्याशी जुळला तर क्लेमचा दंड लागलेला नाही. नव्या ग्राहकाला दिलेली ऑनलाइन सूट मात्र आधी बाजूला काढा. लोडिंग पूर्वीच लागलं असेल आणि त्याचं कारण आता सुधारलं असेल, समजा वजन बरंच उतरलं असेल, तर ताजे रिपोर्ट जोडून फेरविचाराची विनंती करता येते. ती मान्य करायचं बंधन कंपनीवर नाही.

घासाघीस करून मूळ दर कमी होत नाही. एजंट स्वतःच्या कमिशनमधून काही परत देतो म्हणाला, तर विमा कायदा १९३८च्या कलम ४१नुसार तशी सवलत देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. हाती असतं ते पॉलिसीची रचना बदलणं. नको असलेले रायडर काढता येतात. दोन-तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर सूट मिळते आणि मधल्या काळातल्या दरवाढीतून सुटका होते. वयोगट बदलायच्या आधीच्या रिन्युअलला हे केलं तर फायदा जास्त, म्हणजे सांगलीच्या कुटुंबाने ते मार्च २०२५मध्येच करायला हवं होतं. काही प्लॅनमध्ये ‘पहिले इतके रुपये माझे’ असं डिडक्टिबल स्वीकारून प्रीमियम उतरवता येतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लॅनमध्येही जाता येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात, आणि जुन्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. साठीपुढच्यांसाठी जानेवारी २०२५पासून आणखी एक संरक्षण आहे : त्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते.

एक मार्ग मात्र हृदयरोग्याने टाळावा. ‘मूळ पॉलिसी ५ लाखांवर आणा, वर स्वस्त सुपर टॉप-अप घ्या’ हा सल्ला निरोगी माणसाला ठीक आहे. आजार झाल्यावर घेतलेला टॉप-अप ही नवी पॉलिसी असते. ती नाकारली जाऊ शकते, आणि मिळाली तरी त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मूळ रक्कम एकदा कमी केली की ती पुन्हा वाढवताना वाढीव भागाची जोखीम नव्याने तपासली जाते. १० लाखांचं चालू संरक्षण थोड्या हजारांसाठी सोडणं इथे महागात पडतं.

आता कंपनी बदलण्याबद्दल. पोर्टिंगमध्ये प्रतीक्षाकाळ सोबत येतो. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवता येतो. जुन्या पॉलिसीत २४ महिने झाले असतील आणि नव्या कंपनीची अट ३६ची असेल, तर उरलेले १२च काढायचे. साठ महिन्यांचा मोरेटोरियमही तसाच सोबत येतो. इतका काळ सलग कव्हर असेल, तर माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. सांगलीच्या कुटुंबाची सहा वर्षं पूर्ण झाली आहेत. त्यामुळे नव्या कंपनीने स्वीकारलं तर हृदयविकारही पहिल्या दिवसापासून कव्हर होतो, पण जुन्या विमा रकमेपुरता आणि साठलेल्या बोनसपुरता. त्यांनी १५ लाखांची पॉलिसी मागितली, तर वरच्या पाच लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू होतं.

मेख ‘स्वीकारलं तर’ या शब्दांत आहे. पोर्टिंग मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पण नवी कंपनी प्रकृती तपासते आणि ती नकार देऊ शकते किंवा लोडिंग लावू शकते. जुन्या कंपनीला करता येत नाही ते नव्या कंपनीला करता येतं. त्यामुळे क्लेमच्या रागाने कंपनी बदलायला निघालेला माणूस कधीकधी स्वतःच लोडिंगकडे चालत जातो. अँजिओप्लास्टी लपवण्यातही अर्थ नाही. क्लेमचा इतिहास जुनी कंपनी विमा माहिती ब्युरोच्या पोर्टलवरून नव्या कंपनीला कळवतेच.

म्हणून क्रम असा ठेवावा. पॉलिसीत लिहिलेलं असतं की पोर्टिंगचा अर्ज रिन्युअलच्या तारखेआधी किमान ४५ दिवस करावा आणि ६० दिवसांहून आधी करू नये. साठावा दिवस उजाडला की अर्ज भरा आणि जुन्या पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती व डिस्चार्ज कार्ड जोडा. जुन्या कंपनीला माहिती द्यायला ७२ तास आणि नव्या कंपनीला त्यानंतर निर्णयाला पाच दिवस, अशी मुदत आहे. होकार आला तर तीन गोष्टी लेखी तपासा : सुरुवातीची तारीख जुन्या पॉलिसीची म्हणून नोंदली आहे का, कोणत्या आजाराला किती प्रतीक्षाकाळ उरला आहे, आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर भाड्याचा फरक खिशातून जातोच, शिवाय डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. स्वस्त प्लॅनचा स्वस्तपणा पुष्कळदा तिथेच असतो.

लेखी होकार हाती नसेल आणि तारीख जवळ आली असेल, तर जुनी पॉलिसी मुकाट्याने भरून टाका. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते आणि त्यात पैसे भरले तर जमलेला काळ वाया जात नाही. पण त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर क्लेम मिळेल असं धरून चालू नका. पोर्टिंग पुढच्या वर्षीही करता येतं, तुटलेली सलगता मात्र परत मिळत नाही.

फोड मागितल्यावर त्यात क्लेमचं लोडिंग खरोखरच निघालं, किंवा क्लेमचं कारण देऊन रिन्युअल अडवलं, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला त्यांची कार्यालयं आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीसोबत कंपनीने दिलेली प्रीमियमची फोड, दोन्ही वर्षांचे तक्ते आणि पॉलिसीची प्रत जोडा. ‘फार वाढवलं’ एवढ्याच मजकुरापेक्षा वय, दरवाढ आणि गेलेली सूट वजा केल्यावर उरणारा आकडा लिहिलेला असेल, तर कंपनीला नेमकं त्याच आकड्याचं उत्तर द्यावं लागतं.