पगार कमी सांगितला, तर उत्तर काय लिहावे?

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर माझी भाची घरी आली. मिरजेच्या आमच्या आपाची ही धाकटी मुलगी. बी.कॉम. झाली आहे, टॅली शिकली आहे आणि दोन वर्षे एका करसल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीचे काम करते. आल्याबरोबर तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "खाला, नोकरी लागली. पण अम्मी हसतेय आणि मला रडू येतंय."

सांगलीत इलेक्ट्रिकल सामानाचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका फर्मचे ऑफर लेटर होते. पद लेखापालाचे. मुलाखतीत मालकांनी "साधारण एकोणीस पडतील" असे सांगितले होते. पत्रात आकडा होता १८,७१७ रुपये सीटीसी. दुल्हेभाईंचे म्हणणे, घरबसल्या चालून आलेली रोजी आहे, शुक्र करावा आणि सही करावी. भाचीला मात्र आतून वाटत होते की तिच्या कामाला हे कमी आहे. कमी म्हणजे किती आणि कशावरून, हे तिला सांगता येत नव्हते.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सीटीसी म्हणजे मालकाचा आपल्यावर होणारा एकूण खर्च. त्यात मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयसुद्धा मोजलेला असतो. पत्राच्या दुसऱ्या पानावर फोड होती: मूळ पगार १४,०००, इतर भत्ते २,५००, म्हणजे एकूण पगार १६,५००. त्यावर मालकाचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,६८०, आणि ईएसआय सव्वातीन टक्के, म्हणजे ५३७. बेरीज १८,७१७. आता तिच्याकडून कापले जाणारे पाहा. पीएफचे तेवढेच १,६८० आणि ईएसआयचे पाऊण टक्का, १२४ रुपये. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढे वाचले. हातात येणार १४,६९६. 'एकोणीस' म्हणता म्हणता पावणेपंधरा झाले. यात फसवणूक कोणी केली नव्हती. पीएफचे पैसे तिच्याच नावावर जमा होणार होते. पण घरात चर्चा एकोणीसची चालली होती आणि ती सही करणार होती पावणेपंधरावर.

बाजारात पगाराची चौकशी करतानाही हाच घोटाळा होतो. एक मैत्रीण हातात येणारा पगार सांगते, दुसरी सीटीसी सांगते, जाहिरातीत तिसरेच काही छापलेले असते. म्हणून आम्ही ठरवले की विचारायचे ते फक्त कापायच्या आधीच्या एकूण पगाराचे. मी तिला चार दिवस दिले. त्याआधी एक काम त्याच रात्री करायला लावले. मालकांना दोन ओळींचा ईमेल: पत्र मिळाले, आभारी आहे, नीट वाचून गुरुवारपर्यंत कळवते. असा वेळ मागितला म्हणून कोणी ऑफर परत घेत नाही. उलट चार दिवस काहीच न कळवता बसले, तर ही बाई येणार नाही असे समजून ते दुसऱ्याला फोन लावतात.

चार दिवसांत तिने नऊ आकडे आणले. त्यातले चार आम्ही बाजूला काढले. दोन पुण्याचे होते. तिथे राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, त्यामुळे सांगलीच्या मालकाला ते पटणार नाहीत. एक पाच वर्षे अनुभव असलेल्याचा होता. एक तिच्या चुलतभावाचा दुबईचा. तो तर दुल्हेभाईंनीच हौसेने लिहून दिला होता! उरलेले पाच सांगली, कुपवाड एमआयडीसी आणि कोल्हापूरचे, त्याच कामाचे, दीड ते तीन वर्षे अनुभवाचे: १९,०००, १९,५००, २०,०००, २१,००० आणि २२,५००. मधला आकडा वीस हजार. आपल्याला देऊ केलेले साडेसोळा. आता 'कमी' या शब्दाला माप मिळाले.

सरकारने ठरवलेले किमान वेतन पाहून काही मुली समाधान मानतात. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो आणि तो तक्ता पाहून ठेवणे चांगलेच. पण त्याच्याखाली पगार देणे बेकायदा आहे, एवढेच त्यावरून कळते. तुमच्या हुन्नराचा बाजारात काय भाव आहे, हे त्या तक्त्यात नसते.

मागायचे किती? भाची म्हणाली, "अठरा ते बावीस लिहू का?" मी नको म्हटले. दोन आकडे लिहिले की वाचणारा खालचाच उचलतो. एकच आकडा लिहावा, मधल्या भावाच्या थोडा वर, म्हणजे समोरच्याला थोडे खाली यायला जागा राहते. मी एकवीस हजार पाचशे सुचवले होते. पण तिने एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी मला सुचली नव्हती. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगारालाच लागू आहे. दुल्हेभाईंना साखरेचा आजार आहे, ते तिच्यावर अवलंबून आहेत आणि ईएसआयच्या दवाखान्यात अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पाचशे रुपयांसाठी ते सोडणे तोट्याचे होते. म्हणून आकडा ठरला २०,५००. आणि मनात एक खालची रेषा ठरवली, १८,५००. त्याच्याखाली आले तर आहे तिथेच थांबायचे. ही रेषा पत्रात लिहायची नव्हती.

मग पत्र. तिचा पहिला खर्डा वाचून माझ्यातली बाई जागी झाली आणि मी लाल पेन घेतले. "वडिलांचे दुकान बंद झाले आहे, घराची जबाबदारी माझ्यावर आहे, तरी सहानुभूतीने विचार करावा." खरे होते सगळे, पण मी ते खोडले. मालकाला तिची कणव येईलही, पण पगार कणवेवर ठरला तर पुढची प्रत्येक वाढ कणवेवरच मागावी लागते. दुसरी ओळ होती, "मला दुसरीकडूनही ऑफर आहे." मी विचारले, आहे का? नव्हती. ती ओळही गेली. खोटे तर खोटेच, शिवाय समोरचा "मग तिकडे जा" म्हणाला तर काय करणार? तिसरी ओळ, "मी मेहनती व प्रामाणिक आहे." हे प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ते कोणी वाचत नाही.

त्याऐवजी मी तिला विचारले, मुलाखतीत मालक कशाबद्दल कुरकुरत होते? ती म्हणाली, जीएसटीचे विवरण बाहेरच्या सल्लागाराकडे जाते, त्याची वेगळी फी पडते, आणि पुरवठादारांनी बिले वेळेवर चढवली नाहीत की खरेदीवरचा कर वळता मिळत नाही, रोख भरावा लागतो. हेच तर तिचे रोजचे काम. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे जीएसटीआर-१ भरायचे, १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते ते खरेदी रजिस्टरशी ओळीने ओळ जुळवायचे, जे बिल दिसत नाही त्या पुरवठादाराला लगेच फोन करायचा आणि २० तारखेच्या आत ३बी भरायचे. मालकाची डोकेदुखी आणि तिचे कौशल्य एकाच ओळीत आले. शेवटी जे पत्र गेले ते असे:

"माननीय महोदय,
लेखापाल पदासाठी आपण माझी निवड केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपल्या फर्ममध्ये काम करण्याची माझी इच्छा आहे. पगाराबाबत एक विनंती करते.

प्रस्तावात एकूण मासिक पगार १६,५०० रुपये आहे. सांगली, कुपवाड व कोल्हापूर येथे दोन वर्षे अनुभव असलेल्या लेखापालाला, जीएसटीच्या कामासह, सध्या १९,००० ते २२,५०० रुपये दिले जातात, असे माझ्या चौकशीत आढळले.

गेली दोन वर्षे मी चौदा व्यापाऱ्यांची मासिक विवरणे स्वतः तयार केली असून माझ्याकडील एकाही विवरणाला विलंब शुल्क लागलेले नाही. जीएसटीआर-२बी व खरेदी रजिस्टर यांची जुळवणी मी दरमहा करते. एका व्यापाऱ्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक चुकल्यामुळे अडकलेला सुमारे ३८,००० रुपयांचा कर या जुळवणीत सापडला व पुढील महिन्यात वळता मिळाला. आपण मुलाखतीत सांगितलेले हे काम मी रुजू झाल्यापासून ऑफिसातच करू शकेन.

हे लक्षात घेऊन एकूण मासिक पगार २०,५०० रुपये करावा, ही विनंती. याबाबत फोनवर किंवा भेटून बोलण्यास मी तयार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते."

व्यापाऱ्याचे नाव तिने लिहिले नाही, हे बरे केले. आधीच्या गिऱ्हाइकाची माहिती उघड करणारी मुलगी उद्या आपलीही करील, असे कोणत्याही मालकाला वाटेल. सध्याचा पगारही लिहिला नाही. तो बाजारभावापेक्षा कमी होता आणि तो समोर ठेवला की बोलणी त्याच्याभोवती फिरू लागतात. विचारले असते, तर मात्र खरा सांगायचा, हे ठरलेले होते.

हे सगळे मी शहाणपणाने सांगते आहे खरी, पण माझ्या पहिल्या शाळेत मी जे सांगितले त्याला मान डोलावून आले होते. त्याच आठवड्यात रुजू झालेल्या दुसऱ्या बाईंना सातशे रुपये जास्त होते, कारण त्यांनी विचारले होते. मला हे दीड वर्षाने कळले.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. "वीस आम्हाला परवडणार नाहीत." भाचीने घाईने "चालेल" म्हटले नाही, वादही घातला नाही. "साहेब, आपल्याला किती शक्य आहे?" एवढेच विचारले. ते म्हणाले, साडेसतरा. तिने शांतपणे सांगितले की जीएसटीचे काम तिच्याकडे असणार असेल, तर इतक्यात जमणार नाही. काम फक्त बिलिंगचे असेल, तर गोष्ट वेगळी. ते विचार करून कळवतो म्हणाले. त्या रात्री आपाकडे कोणी नीट जेवले नाही. ऑफर हातची जाऊ शकते, हे खरे होते. छोट्या फर्ममध्ये कधी कधी जातेही, म्हणून तिने जुनी नोकरी सोडलेली नव्हती.

प्रत्येक ठिकाणी असे पत्र लिहून उपयोग नाही, हेही सांगायला हवे. सरकारी जागा, अनुदानित शाळा, शिक्षणसेवकाचे मानधन, हे शासननिर्णयाने ठरलेले असते. मुख्याध्यापकांना इच्छा असली तरी ते एक रुपया वाढवू शकत नाहीत. खाजगी शाळा, दवाखाने, दुकाने, कारखान्यांची ऑफिसे इथे मात्र आकडा एका माणसाच्या हातात असतो.

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. एकूण पगार १९,०००, मूळ पगार १५,००० आणि सहा महिन्यांनी काम पाहून वाढीचा विचार. हातात येणार १७,०५७. 'वाढीचा विचार' हे शब्द ऑफर लेटरमध्ये तारखेसह यावेत, अशी तिने पुन्हा विनंती केली आणि सुधारित पत्र आले. ते तिने मला पाठवले, खाली एक ओळ लिहून: "खाला, आता राजीनामा कसा लिहायचा तेही सांगा. लाल पेन लागणार नाही असा."